रिचर्ड्सचा 90 आणि डिव्हिलियर्सचा 101: पर्सेंटाइलने तुलना करताना वेगाची वजावट कुठे करायची?

प्रश्न: "एकदिवसीय क्रिकेटमधल्या वेगवेगळ्या काळांतल्या फलंदाजांची तुलना मी पर्सेंटाइल काढून करतोय. आता धावा खूप वेगाने होतात, नियमही बदललेत, म्हणून जुन्या खेळाडूंच्या स्ट्राइक रेटला आधी 1.2 ने गुणतो आणि मग पर्सेंटाइल काढतो. तरी रिचर्ड्सचा क्रमांक आहे तिथेच राहतो. माझं काय चुकतंय?"

गुणाकारात काही चुकलेलं नाही. तो करायची गरजच नव्हती. पर्सेंटाइल म्हणजे रांगेतली जागा. रांगेतल्या प्रत्येकाच्या आकड्याला तुम्ही 1.2 ने गुणलं, तर सगळे एकाच मापाने वाढले आणि रांग जशीच्या तशी राहिली. 1.2 ऐवजी 1.5 घेतलं असतं तरी हेच झालं असतं. खेळाडूला त्याच्याच काळातल्या लोकांमध्ये उभं केलं, त्याच क्षणी त्या काळाचा सरसकट वेग हिशेबातून निघून गेला. तो पुन्हा वजा करायचा म्हटलं तर एक तर काहीच होत नाही, जसं तुमचं झालं, नाही तर एकच वजावट दोनदा होते, जे जास्त वाईट.

ही दोनदा वजावट मी स्वतः केलेली आहे, म्हणून सांगतो. सुरुवातीच्या काळात एका मासिकासाठी अशीच यादी करत होतो. दोन्ही काळांतले फलंदाज एकाच रांगेत उभे केले आणि जुन्यांना वाढीव गुणक दिला. इथपर्यंत ठीक होतं. मग संपादकांना पर्सेंटाइल "काळानुसार" हवं होतं, म्हणून रांग दोन तुकड्यांत तोडली आणि शेवटी काळानुसार आलेल्या पर्सेंटाइललाच पुन्हा "जुन्या काळाचा बोनस" जोडला. जुन्या काळातले चौघे-पाच जण 100 च्या वर गेले. पर्सेंटाइल 100 च्या वर जाऊच शकत नाही. ते पाहून तरी शंका यायला हवी होती, पण मी वरचा आकडा 99.9 वर छाटला आणि यादी पाठवून दिली. अजून आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

मग वजावट कुठे लागते? बदल सगळ्यांना सारखा लागला नसेल तिथे. नियम बदलल्याने सलामीवीरांना फायदा झाला आणि पाचव्या क्रमांकाच्या फलंदाजाला झाला नाही, तर रांग हलते. एखाद्याची कारकीर्द दोन नियमांच्या मधोमध पसरली असेल, तरी हलते. सरसकट वेग रांगेला कळत नाही, तिला असमान वेग कळतो. म्हणून शोधायचा तो असमानपणा.

तुम्ही रिचर्ड्सचं नाव घेतलंय, तर त्याच्यावरच करून पाहू. खाली मी दोन काळांतले अकरा-अकरा फलंदाज घेतलेत. निवड माझी आहे आणि नामवंतांचीच आहे, तेव्हा याला निकाल समजू नका, पद्धत कशी चालते ते दाखवण्यापुरती ही यादी आहे. आकडे पूर्ण एकदिवसीय कारकिर्दीच्या स्ट्राइक रेटचे आहेत, आणि घेतलेले सगळे निवृत्त आहेत, म्हणजे उद्या बदलायचे नाहीत.

पहिला काळ, वरून खाली: रिचर्ड्स 90.20, झहीर अब्बास 84.80, क्लाइव्ह लॉइड 81.22, ॲलन लॅम्ब 75.54, मार्टिन क्रो 72.63, डीन जोन्स 72.56, जावेद मियाँदाद 67.01, गॉर्डन ग्रीनिज 64.92, डेस्मंड हेन्स 63.09, सुनील गावसकर 62.26, ग्रॅहम गूच 61.88.

दुसरा काळ: वीरेंद्र सेहवाग 104.33, डिव्हिलियर्स 101.09, डेव्हिड वॉर्नर 97.26, शेन वॉटसन 90.44, फाफ डू प्लेसी 88.60, हाशिम अमला 88.39, महेंद्रसिंग धोनी 87.56, ख्रिस गेल 87.19, तिलकरत्ने दिलशान 86.23, मायकल क्लार्क 78.98, कुमार संगकारा 78.86.

पर्सेंटाइल काढायची मी वापरतो ती रीत अशी: आपल्या खाली किती जण आहेत ते मोजायचं, आपल्या बरोबरीचे जितके (आपण धरून) त्यांचे निम्मे त्यात मिळवायचे आणि एकूण संख्येने भागायचं. रिचर्ड्सच्या खाली दहा, अधिक स्वतःचा अर्धा, भागिले अकरा, म्हणजे 95.5. डिव्हिलियर्सच्या खाली नऊ, म्हणून 86.4. तो अर्धा का, असं पुष्कळ जण विचारतात. तो नसेल तर पहिला नंबर थेट 100 होतो किंवा शेवटचा थेट 0 होतो, आणि अकरा जणांच्या यादीवरून कुणाला 100 देणं म्हणजे जरा जास्तच झालं.

पर्सेंटाइलसोबत मी नेहमी आणखी एक आकडा ठेवतो: यादीच्या मध्यकाशी गुणोत्तर. पहिल्या यादीचा मध्यक, म्हणजे सहावा आकडा, डीन जोन्सचा 72.56. रिचर्ड्स त्याच्या 1.24 पट. दुसऱ्या यादीचा मध्यक अमलाचा 88.39, डिव्हिलियर्स त्याच्या 1.14 पट. इथे थांबलो तर निकाल सरळ दिसतो. रिचर्ड्स आपल्या काळाच्या चोवीस टक्के पुढे, डिव्हिलियर्स चौदा टक्के, विषय संपला.

पण पहिल्या यादीचं शेपूट पुन्हा वाचा. ग्रीनिज, हेन्स, गावसकर, गूच. खालचे चौघेही सलामीवीर आहेत. आता दुसऱ्या यादीत सलामीवीर कुठे आहेत ते पाहा. सेहवाग, वॉर्नर, वॉटसन, अमला, गेल, दिलशान. सहापैकी तिघे पहिल्या चारांत आहेत, अमला बरोबर मधोमध, आणि शेवटच्या दोन जागांवर एकही सलामीवीर नाही. चाळीस वर्षांपूर्वी सलामीवीराचं काम नवा चेंडू जुना करायचं होतं, विकेट राखायची आणि हाणामारी पुढच्यांवर सोडायची. नंतर कामच उलटं झालं.

नियमाचा असमान परिणाम म्हणतात तो हा. 1992 च्या विश्वचषकात पहिल्या 15 षटकांत तीस यार्डांच्या वर्तुळाबाहेर फक्त दोन क्षेत्ररक्षक ठेवायची मर्यादा होती. डावाच्या सुरुवातीला, तेही डोक्यावरून मारलेल्या फटक्याला, मोकळं रान मिळालं. त्याचा पुरता फायदा कसा उठवायचा हे 1996 च्या विश्वचषकात जयसूर्या आणि कालुवितरणा यांनी दाखवलं. 2005 मध्ये 15 षटकांच्या जागी तीन तुकड्यांचे पॉवरप्ले आले. ऑक्टोबर 2011 पासून दोन्ही टोकांकडून वेगळा नवा चेंडू आला, त्यामुळे 2025 मध्ये हा नियम बदलेपर्यंत डाव संपेतोवर कोणताही चेंडू 25 षटकांहून जुना होत नसे आणि रिव्हर्स स्विंगचा धाक ओसरला. ऑक्टोबर 2012 मध्ये पॉवरप्ले नसतानाही वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक राहिले, त्याने मधली आणि शेवटची षटकं मोकळी झाली. जुलै 2015 मध्ये शेवटच्या दहा षटकांसाठी पाचवा क्षेत्ररक्षक परत बाहेर गेला. यातला एकही बदल सगळ्या फलंदाजांना सारखा लागलेला नाही. कुणाला लागला, हे फलंदाज डावाच्या कोणत्या भागात खेळतो यावर ठरतं.

रिचर्ड्स बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या क्रमांकावर खेळायचा आणि डिव्हिलियर्स चौथ्या-पाचव्या. दोघांना सलामीवीरांबरोबर एकाच रांगेत उभं केलं की रिचर्ड्सच्या रांगेत चार संथ माणसं आपोआप त्याच्या खाली येतात आणि डिव्हिलियर्सच्या रांगेत सहा वेगवान माणसं त्याच्याशी झगडतात. हा फरक त्या दोघांच्या खेळात नाही. तो सलामीवीरांच्या बदललेल्या कामातून आला आणि यांच्या खात्यावर लागला.

आता सलामीवीर काढून टाकू. पहिल्या यादीत सात जण उरतात, मध्यक लॅम्बचा 75.54, आणि रिचर्ड्स त्याच्या 1.19 पट. दुसरीत पाच जण उरतात, मध्यक धोनीचा 87.56, आणि डिव्हिलियर्स 1.15 पट. पर्सेंटाइल अनुक्रमे 92.9 आणि 90. चोवीस विरुद्ध चौदा होतं, ते एकोणीस विरुद्ध पंधरा झालं. निम्म्याहून जास्त अंतर फक्त क्रमांकाप्रमाणे गट पाडल्याने गेलं. एकाही खेळाडूचा आकडा आपण बदललेला नाही, कोणताही गुणक लावलेला नाही. तुलना कुणाशी करायची, एवढंच बदललं.

म्हणून माझं म्हणणं असं की वेगाची आणि नियमांची वजावट ही मुळात गट ठरवण्याची गोष्ट आहे. गुणक शोधत बसण्यापेक्षा तोच वेळ गट नीट पाडण्यात घालवा.

खऱ्या माहितीवर हे करताना कारकिर्दीचा एकच आकडा वापरून चालत नाही. डिव्हिलियर्स 2005 ते 2018 खेळला. वर सांगितलेले 2005 नंतरचे सगळे नियम त्याच्या कारकिर्दीत येऊन गेले. तेव्हा हिशेब डावागणिक करायचा. प्रत्येक डावासाठी विचारायचं: या तारखेच्या नियमांत, या क्रमांकावर, बाकीचे फलंदाज एका चेंडूला किती धावा काढत होते? त्याला त्याने खेळलेल्या चेंडूंनी गुणलं की अपेक्षित धावा मिळतात. सगळ्या डावांच्या खऱ्या धावांची बेरीज भागिले अपेक्षित धावांची बेरीज हे त्याचं गुणोत्तर, आणि पर्सेंटाइल शेवटी या गुणोत्तरावर काढायचं.

यात "बाकीचे" हा शब्द जपा. आधाररेषेत त्या खेळाडूचे स्वतःचे चेंडू धरायचे नाहीत. सुरुवातीच्या वर्षांत एकदिवसीय सामने कमी व्हायचे, त्यामुळे एका वर्षात एका क्रमांकावर टाकलेल्या चेंडूंमध्ये एकट्या रिचर्ड्सचा वाटा बऱ्यापैकी असू शकतो. त्याला सरासरीत ठेवलं तर तो स्वतःशीच स्पर्धा करतो आणि जितका चांगला खेळेल तितकं आपलंच माप वर चढवतो. हल्लीच्या गर्दीत हा परिणाम नगण्य आहे, म्हणजे चूक फक्त जुन्यांच्या विरोधात जाते.

तक्ता `d` आणि त्यात एका ओळीला एक डाव असं धरलं तर pandas मध्ये एवढंच आहे:

```python
k = ["rule_era", "pos_group"]
c = ["runs", "balls"]
t = d.groupby(k)[c].transform("sum")
p = d.groupby(k + ["player"])[c].transform("sum")
d["base"] = (t["runs"] - p["runs"]) / (t["balls"] - p["balls"])
d["exp"] = d["balls"] * d["base"]

g = d.groupby("player")[["runs", "exp"]].sum()
g["ratio"] = g["runs"] / g["exp"]
g["pct"] = (g["ratio"].rank() - 0.5) / len(g) * 100
```

शेवटच्या तीन ओळी प्रत्येक काळासाठी वेगळ्या चालवायच्या. `rule_era` मध्ये दशक टाकू नका, नियम लागू झाल्याच्या तारखा टाका. 2010 ते 2019 हे दशक कॅलेंडरवर छान दिसतं, पण त्यात चार वेगवेगळे खेळ आहेत. उलट ऑक्टोबर 2012 ते जुलै 2015 हा पावणेतीन वर्षांचा तुकडा छोटा असला तरी एकजिनसी आहे. जुन्या काळातही हे लागू होतं. 1975, 1979 आणि 1983 चे विश्वचषक 60 षटकांचे होते, इतर काही सामने 55 षटकांचे. षटकं जास्त आणि विकेट तेवढ्याच दहा, म्हणजे घाई कमी. ते डाव 50 षटकांच्या डावांशी एकत्र ठेवले तर त्यात खेळलेल्याचा स्ट्राइक रेट उगाच कमी दिसतो.

कुणी म्हणेल, धावा वाढल्या त्या नियमांमुळे की बॅट जाड झाल्यामुळे, की टी-ट्वेंटीच्या सवयीमुळे, हे आधी वेगळं करायला नको का? या कामासाठी नको. आधाररेषा त्या वेळच्या बाकीच्या फलंदाजांची आहे, आणि त्यांच्याही हातात तीच जाड बॅट होती. सगळी कारणं एकगठ्ठा वजा होतात. "दोन नव्या चेंडूंनी किती धावा वाढल्या" हा वेगळा आणि फार अवघड प्रश्न आहे, कारण पुरुषांचा पहिला टी-ट्वेंटी आंतरराष्ट्रीय सामना 2005 मध्ये झाला आणि ती सवय हळूहळू सगळीकडे पसरत असतानाच नियमही बदलत होते. त्या गुंत्यात तुम्ही पडू नका.

स्वतःला वगळून माप काढलं की चित्र किती बदलतं, ते दोन डावांवर बघा. 1984 मध्ये ओल्ड ट्रॅफर्डला इंग्लंडविरुद्ध रिचर्ड्सने 170 चेंडूंत नाबाद 189 केल्या. सामना 55 षटकांचा, वेस्ट इंडीजच्या 9 बाद 272. बाकीच्यांनी आणि अवांतर धावांनी मिळून 160 चेंडूंत 83, म्हणजे 100 चेंडूंना 52. रिचर्ड्सचा वेग 111. तो दुपटीहून थोडा पुढे. दुसरा डाव जानेवारी 2015 मधला, जोहान्सबर्गला वेस्ट इंडीजविरुद्ध, डिव्हिलियर्सच्या 44 चेंडूंत 149. संघाच्या 2 बाद 439. बाकी 256 चेंडूंत 290, म्हणजे 100 चेंडूंना 113. त्याचा वेग 339. तिप्पट. आणि हा डाव वर्तुळाबाहेर चारच क्षेत्ररक्षक असण्याच्या काळातला आहे, पण त्याच नियमात, त्याच खेळपट्टीवर अमला आणि रूसोसुद्धा शतकं करून गेले, तेव्हा नियमाचं श्रेय त्या 113 मध्ये आधीच मोजलं गेलंय. गंमत म्हणजे एका डावापुरतं पाहिलं तर डिव्हिलियर्स पुढे, आणि वरच्या छोट्या यादीत कारकीर्दभर पाहिलं तर रिचर्ड्स किंचित पुढे. एका डावातला चेंडूगणिक वेग आणि 170 चेंडू टिकून एकट्याने डाव ओढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांना एका रांगेत बसवायचा हट्ट मी सोडून दिलाय.

गट पाडताना आणखी एक भोक राहतं ते विरुद्ध संघाचं. माझ्या पहिल्या यादीत अकरापैकी चौघे वेस्ट इंडीजचे आहेत. रिचर्ड्स, लॉइड, ग्रीनिज आणि हेन्स यांना त्या काळातला सर्वांत भेदक मारा आंतरराष्ट्रीय सामन्यात कधी खेळावाच लागला नाही, कारण तो त्यांचाच होता. गूच, लॅम्ब, गावसकर यांना लागला. हा फरक नियमांचा नाही, वेगाचाही नाही, पण पर्सेंटाइल तो गुपचूप गिळतं. उपाय असा की आधाररेषा काढताना विरुद्ध संघ षटकामागे किती धावा देतो हेही धरायचं. फक्त वर्ष, क्रमांक आणि संघ असे तीन कप्पे एकदम केले तर प्रत्येक कप्प्यात जेमतेम दोन-चार डाव उरतात आणि सरासरीला काही अर्थ राहत नाही. मी विरुद्ध संघाचा आकडा आजूबाजूच्या तीन वर्षांवर पसरून घेतो आणि तो वेगळा गुणक म्हणून लावतो. असमान परिणाम आहे, म्हणून इथे गुणक चालतो.

रांगेत कोण कोण आहे, यावरून होणारी फसवणूक सर्वांत जास्त वेळा दिसते. समजा 60 जणांच्या रांगेत एक फलंदाज पाचवा आहे. खाली 55, अधिक अर्धा, भागिले 60: पर्सेंटाइल 92.5. आता नवे संघ आले आणि रांगेच्या तळाशी 40 जण वाढले. आपला फलंदाज पाचवाच आहे, तेच चौघे त्याच्या पुढे आहेत, पण पर्सेंटाइल 95.5 झालं. त्याने काहीच केलेलं नाही. ऐंशीच्या दशकात दक्षिण आफ्रिका बंदीमुळे बाहेर होती, ती 1991 मध्ये परतली. झिम्बाब्वेला 1992 मध्ये, बांगलादेशला 2000 मध्ये आणि अफगाणिस्तान व आयर्लंडला 2017 मध्ये कसोटी दर्जा मिळाला. संघ वाढले की आधी रांगेचं शेपूट लांबतं, डोकं नाही. म्हणून दोन्ही काळांत रांगेची लांबी सारखी ठेवा: पहिल्या सहा क्रमांकांवर खेळणारे आणि सर्वाधिक चेंडू खेळलेले, समजा, 60 जण. हा आकडा दोन्हीकडे तोच हवा. "किमान 50 डाव" अशी अट घातली तर ती नव्या काळात सहज पार होते आणि जुन्या काळात थोडेच पार करतात, मग रांगा पुन्हा असमान.

पर्सेंटाइलला टोकाला काही दिसत नाही, हे मात्र कोणत्याही वजावटीने सुटत नाही. याचं सगळ्यांना माहीत असलेलं उदाहरण कसोटीतलं आहे. ब्रॅडमनची सरासरी 99.94. किमान 40 डाव खेळलेल्यांत त्याच्या मागे ग्रॅमी पोलॉक 60.97, जॉर्ज हेडली 60.83, हर्बर्ट सटक्लिफ 60.73. पोलॉक आणि हेडली यांच्यात रांगेत एका जागेचं अंतर आहे, ब्रॅडमन आणि पोलॉक यांच्यातही एकाच जागेचं. पहिलं अंतर 0.14 धावांचं, दुसरं जवळपास 39 धावांचं, आणि पर्सेंटाइलला दोन्ही सारखीच. त्यामुळे वरच्या पाच टक्क्यांत आलेल्या खेळाडूंची आपसातली तुलना मी पर्सेंटाइलवर करत नाही, गुणोत्तरावर करतो. पर्सेंटाइलने फक्त दार उघडायचं.

हाच दोष "आजच्या भाषेत रिचर्ड्सचा स्ट्राइक रेट किती" या आवडत्या खेळात उघडा पडतो. पर्सेंटाइलने भाषांतर करायचं तर त्याच्या पर्सेंटाइलला आजच्या रांगेत जो आकडा आहे तो उचलायचा. पण तो रांगेत पहिला असेल तर उत्तर म्हणून आजचा पहिलाच मिळणार, त्याच्यापुढे काही नाही. गुणोत्तराने करायचं तर वरच्या मधल्या फळीच्या यादीप्रमाणे 1.19 गुणिले 87.56, म्हणजे साधारण 104. सलामीवीरांसकट यादी घेतली असती तर 1.24 गुणिले 88.39, म्हणजे 110 च्या आसपास. माणूस तोच, फक्त रांग बदलली आणि पाच-सहा धावांचा फरक पडला. कुणी असा एकच आकडा तोंडावर फेकला की मी पहिल्यांदा रांगेत कोण कोण होतं ते विचारतो.

जुन्या माहितीबद्दल एक खबरदारी. सुरुवातीच्या काही सामन्यांत फलंदाजाने किती चेंडू खेळले याची नोंदच नाही. अशा डावाच्या धावा बेरजेत राहिल्या आणि चेंडू रिकामे राहिले, तर स्ट्राइक रेट फुगतो. धावा आणि चेंडू दोन्ही एकदम वगळा. तुमच्या तक्त्यात `balls` च्या जागी 0 आहे की रिकामं आहे, ते आधी तपासा. 0 असो की रिकामं, तो डाव वगळला नाही तर वरचा कोड काही तक्रार न करता चुकीचं उत्तर देईल.

आणि शेवटी हलवून बघा. रांग 60 ऐवजी 40 ची करा, मग 80 ची. नियमाच्या तुकड्यांची सीमा एखाद्या मोसमाने पुढे-मागे करा. दुबळ्या संघांविरुद्धचे डाव काढून टाका. प्रत्येक वेळी पर्सेंटाइल लिहून ठेवा. त्याशिवाय खेळाडूचे डाव चिठ्ठ्यांसारखे पुन्हा पुन्हा उचलून, उचललेली चिठ्ठी परत टाकत, हजारेक वेळा गुणोत्तर काढा आणि मधले 90 टक्के निकाल कुठून कुठपर्यंत पसरतात ते पाहा. झहीर अब्बासची सरासरी 47.62, रिचर्ड्सची 47.00. रांगेत झहीर पुढे. पण झहीर 62 एकदिवसीय सामने खेळला आणि रिचर्ड्स 187. पट्टे काढून बघा, झहीरचा रिचर्ड्सच्या दोन्ही बाजूंना चांगलाच बाहेर येईल. तिथे कोण पुढे, याचं उत्तर मी लिहीत नाही. स्ट्राइक रेटमध्ये मात्र त्याच दोघांत 5.4 चं अंतर आहे, आणि ते टिकतं की नाही हे तुमचा तक्ता तुम्हाला सांगेल. तुमच्याकडे डावागणिक माहिती असेल तर आधी तेवढं करून पाहा, 1.2 चा रकाना मात्र पुसून टाका.